हॅम्बुर्गला अडकलेले कागद

माझ्या धाकट्या दिरांनी पन्नाशी उलटल्यावर स्वतःचा धंदा काढला. तोवर ते एका स्टीलच्या कारखान्यात सुपरवायझर होते. कारखाना मुंबईबाहेर गेला, ते गेले नाहीत. काळाचौकीला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत त्यांनी गाळा भाड्याने घेतला, दोन प्रेस मशिनं बसवली आणि मिसळणाचे डबे बनवायला लागले. आपल्याकडे ओट्यावर असतो तोच गोल डबा, आत सात वाट्या, वर घट्ट झाकण. पण पत्रा चांगला, काठ हाताला न लागणारा. परदेशात त्याला मागणी आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं.

मी धंद्यात आले ती कागदांसाठी. फोर्टातल्या एका एक्स्पोर्ट कंपनीत मी वीस वर्षं कागदपत्रांच्या टेबलावर काढली होती. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, सगळं टाइप करून साहेबांपुढे ठेवायचं, सही झाली की बँकेत पाठवायचं. निवृत्त होऊन गिरगावातल्या घरी बसले तर चार महिन्यांत कंटाळले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, डबा मी बनवतो. तो समुद्रापार कसा जातो ते तुम्हालाच ठाऊक." मला ते फार बरं वाटलं. आज खरं सांगायचं तर थोडं जास्तच बरं वाटलं.

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक हॅम्बुर्गचं. स्वयंपाकघरातल्या वस्तू आयात करून तिकडच्या दुकानांना पुरवणारा. पहिला कंटेनर त्याने एल.सी.वर मागवला. म्हणजे त्याच्या बँकेने आम्हाला लेखी हमी दिली: या तारखेच्या आत माल जहाजावर चढवा, हे हे कागद आम्ही सांगतो तसे आणून द्या, पैसे आम्ही देऊ. गिऱ्हाईक देईल की नाही हा प्रश्नच नाही, बँक बांधलेली. पण बँक डबे बघत नाही, कागद बघते. कागदात फरक दिसला की ती हमीतून मोकळी.

तो फरक आमच्या दुसऱ्या कंटेनरला नडला. जहाज न्हावाशेव्याहून दोन दिवस उशिरा सुटलं. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनी माल मिळाल्याची जी पावती देते तिच्यावर, एल.सी.त दिलेल्या शेवटच्या तारखेनंतरची तारीख पडली. हॅम्बुर्गच्या बँकेने कागद रोखले. गिऱ्हाईकाने "मला चालतं" असं कळवलं म्हणून पैसे आले, तेही बँकेने चुकीबद्दलची फी कापून. ते पंधरा दिवस भाऊजी नीट जेवले नव्हते.

तिसऱ्या ऑर्डरच्या वेळी हॅम्बुर्गहून मेल आला. एल.सी. उघडायला माझी बँक फार पैसे घेते आणि तिथली माझी उधारीची मर्यादा अडकून राहते, आता आपली ओळख झाली आहे, या वेळी डी.पी. करू. डी.पी. म्हणजे कागद आमच्या बँकेने त्याच्या बँकेला पाठवायचे, त्याने तिथे पैसे भरायचे आणि कागद उचलायचे. कागद हातात आल्याशिवाय त्याला बंदरावर माल मिळत नाही.

भाऊजींनी मला विचारलं. मी म्हणाले, "हरकत नाही. एल.सी. असून तरी काय झालं? दोन दिवसांसाठी लटकलोच ना? डी.पी.त ती कटकट नाही. पैसे दिल्याशिवाय त्याला माल मिळणार नाही, मग भीती कसली?"

"तुम्ही म्हणताय तर करू," ते म्हणाले.

परळच्या आमच्या बँकेत परदेशी व्यवहार बघणाऱ्या एक मॅडम होत्या. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, बोलायला कोरड्या, कागद वाचताना ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. मी त्यांना डी.पी.चं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, गेल्या खेपेला एल.सी.त तुमचे पैसे अडले ते तारीख चुकली म्हणून. तारीख सांभाळणं तुमच्या हातात होतं. डी.पी.त तुमचे कागद शंभर टक्के बरोबर असले तरी तो नको म्हणू शकतो. मग त्याच्या बँकेला आपण काही म्हणू शकत नाही. ती फक्त कागद पोचवते. पैसे द्यायला ती बांधलेली नाही, आणि आम्हीही नाही."

"पण माल तर त्याला मिळणार नाही."

"त्याला नाही मिळणार. तुम्हाला तरी कुठे मिळणार आहे? तो हॅम्बुर्गला पडलेला असेल."

मी हसून सोडून दिलं. वीस वर्षांचा अनुभव ना! फोर्टातल्या कंपनीत शेकडो बिलं अशी डी.पी.वर गेली होती आणि पैसे आले होते. पण ती कंपनी मोठी होती, तिची गिऱ्हाइकं तिच्यावर अवलंबून होती, आणि एखादं बिल फिरलंच तर त्याचं पुढे काय होतं ते साहेबांच्या केबिनमध्ये ठरायचं. माझ्या टेबलावर ते कधी आलंच नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही.

मॅडमनी त्या दिवशी दोन गोष्टी हट्टाने करून घेतल्या. बिल ऑफ लेडिंगचा कच्चा मसुदा मी जहाज कंपनीला द्यायला तयार केला होता. गिऱ्हाईकाने विनंती केली होती म्हणून त्यात माल घेणारा म्हणून मी थेट त्याचंच नाव घातलं होतं. मॅडमनी त्याभोवती लाल गोल काढला. "इथे 'टू ऑर्डर' लिहा. त्याचं नाव फक्त खाली, जहाज आल्याचं कळवायला. थेट त्याच्या नावावर केलंत तर काही ठिकाणी मूळ कागद न बघताही माल त्याला सोडतात. आणि त्याने नाही घेतला तर दुसऱ्याला द्यायला त्याचीच परवानगी मागत फिराल. 'ऑर्डर'वर असलं की तुम्ही मागे सही करून ज्याला द्याल, माल त्याचा."

दुसरी गोष्ट बँकेच्या फॉर्मवरची. कागद नाकारले गेले तर तिकडे कुणाशी संपर्क करायचा, असा एक रकाना असतो. मी तो रिकामा सोडला होता. फोर्टात आम्ही नेहमीच रिकामा सोडायचो. मॅडम म्हणाल्या, "कुणाचं तरी नाव घाला. आणि त्याला काय अधिकार आहेत तेही लिहा. नुसतं नाव असलं तर बँक त्याचं ऐकत नाही." आमच्या फॉरवर्डरचं, म्हणजे जहाजावर जागा ठरवून देणाऱ्या एजंटचं, हॅम्बुर्गला ऑफिस होतं. त्यांचं नाव घातलं. अधिकार एवढाच: मालाकडे लक्ष द्यायचं, गरज पडली तर गोदामात हलवायचा. कागद सोडायचे नाहीत, भाव कमी करायचा नाही.

जूनच्या शेवटी माल चढला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कागद गेले. आमच्या बँकेने त्या बिलावर आम्हाला पैसे उचलून दिले, ते पत्र्याच्या व्यापाऱ्याला आणि कामगारांच्या पगाराला गेले. हे पैसे उसने असतात. गिऱ्हाईकाने नाही भरले तर बँक ते आमच्याकडून व्याजासकट वसूल करते. भाऊजींचं माटुंग्याचं घर त्यासाठी तारण होतं.

जहाज ऑगस्टच्या मध्यावर हॅम्बुर्गला लागायचं होतं. डी.पी.ची गिऱ्हाइकं जहाज येईपर्यंत पैसे भरत नाहीत, त्यात काही वावगं नाही. म्हणून जुलै शांतपणे गेला. जहाज लागलं. गिऱ्हाईक गप्प. मी मेल पाठवला, उत्तर आलं की ऑफिस उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बंद आहे. मनाशी म्हटलं, ऑगस्टात युरोप सुट्टीवरच असतो. भाऊजींना तेच सांगितलं. कंटेनर बंदरावर काही दिवस फुकट ठेवतात, मग रोजचं भाडं चढायला लागतं. ते फुकटचे दिवस मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खोडत होते.

गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा मांडव उभा राहत होता. बांबू आडवे पडलेले, टेम्पो आत येत नव्हते. अशाच एका दुपारी परळहून फोन आला.

"मॅडम, हॅम्बुर्गच्या बँकेचा मेसेज आलाय," मॅडम म्हणाल्या. "त्याने कागद नाकारलेत. कारण दिलेलं नाही. पुढच्या सूचना मागितल्यात."

मी म्हणाले, "नाकारले म्हणजे?"

"म्हणजे तो पैसे भरणार नाही."

फोन ठेवला तेव्हा भाऊजी प्रेसपाशी उभे होते, हातात एक झाकण होतं. मशिनचा आवाज एवढा की मला त्यांच्या कानापाशी जाऊन सांगावं लागलं. त्यांनी मशिन बंद केलं. एकदम शांत झालं. कामगार आमच्याकडे बघायला लागले.

"तुम्ही म्हणाला होतात, पैसे दिल्याशिवाय माल मिळणार नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"हो," मी म्हणाले. "माल आपलाच आहे अजून."

"हॅम्बुर्गला."

मी टेबलाशी जाऊन कॅल्क्युलेटर काढला.

संध्याकाळी गिऱ्हाईकाचा मेल आला. ज्या दुकानांसाठी त्याने माल मागवला होता त्यांनी ऑर्डर कमी केली. त्याला वाईट वाटतं. पण आम्ही किंमत पस्तीस टक्के उतरवली तर तो कागद उचलेल. लवकर कळवा, कारण बंदराचं भाडं लवकरच सुरू होतंय. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्याच्याकडे आमच्यासारखंच कॅलेंडर होतं.

भाऊजी म्हणाले, "देऊन टाकू. पत्र्याचे पैसे तरी निघतील."

"निघणार नाहीत," मी म्हणाले. हिशेब मी आधीच करून बघितला होता. "आणि माल परत आणला तर जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं, तिकडचं भाडं, शिवाय इथे कस्टम. तेही परवडत नाही."

"मग काय परवडतं, वहिनी?"

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच मी परळला दारात उभी होते. मॅडम आल्या, मला बघून खुर्ची ओढून दिली. मला वाटलं, आता 'मी सांगितलं होतं' हे ऐकावं लागणार. त्यांनी ते तेव्हाही म्हटलं नाही, नंतरही नाही.

"मूळ कागद कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"त्याच्या बँकेत."

"त्याच्याकडे नाहीत ना? मग मालक तुम्हीच. बिल ऑफ लेडिंग ऑर्डरवर आहे. तो पस्तीस टक्के मागतोय, कारण तुम्हाला दुसरं कुणी नाही असं त्याला वाटतंय. दुसरं कुणी आहे का?"

"दुसरं कोण असणार?"

"ते मला कसं माहीत? तुमच्या फायली बघा. बँकेला आपण साठ दिवसांत सूचना द्यायला हव्यात, नाहीतर ते कागद परत पाठवून देऊ शकतात. पण तुमची खरी मुदत ती नाही. बंदराची आहे. आज एवढं करू. त्यांना मेसेज टाकते, कागद जपून ठेवा, कुणालाही सोडू नका, सूचना येताहेत. आणि तुमच्या एजंटला सांगा, कंटेनर कुठे आहे, फुकटचे किती दिवस उरले, लेखी कळवा."

एजंटच्या हॅम्बुर्ग ऑफिसने दुपारी कळवलं. दोनच दिवस उरले होते. माल सुखरूप होता, सील शाबूत.

मी गाळ्यावर परत आले आणि दिल्लीच्या प्रदर्शनाची फाइल काढली. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिथे एक छोटा स्टॉल घेतला होता. आलेल्यांची व्हिजिटिंग कार्डं मी वहीत चिकटवून बाजूला चार शब्द लिहिले होते. कोण काय म्हणालं, कुणाला नमुना दिला. फोर्टातली सवय. युरोपातली नऊ कार्डं निघाली. जर्मनीच्या दोघांनी फोनच उचलला नाही. एकीने सांगितलं की ती आता फक्त लाकडी वस्तू घेते. फ्रान्सचा एक म्हणाला, जानेवारीत विचारा. प्रत्येक फोनच्या आधी भाऊजी माझ्यासमोर स्टूल ओढून बसायचे आणि फोन संपला की उठून मशिनकडे जायचे.

पाचवं कार्ड अँटवर्पचं. एका गुजराती गृहस्थाचं. त्यांचे वडील तिकडे स्थायिक झालेले, आता त्यांचं भांड्यांचं घाऊक दुकान होतं. वहीत मी लिहिलं होतं: 'नमुना नेला. हसरे. भाव जास्त म्हणाले.' मी हिंदीत बोलायला सुरुवात केली.

"अरे, तो सात वाट्यांचा डबा?" ते म्हणाले. "तो तर आमच्या घरात आहे. माझी बायको त्यातच मोहरी-जिरं ठेवते. झाकण अजून तसंच घट्ट आहे."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. मी सगळं खरं सांगितलं. माल हॅम्बुर्गला आहे, पहिल्याने कागद नाकारलेत, खोक्यांवर त्याच्या कंपनीचं नाव छापलंय, डब्यांवर मात्र काही नाही. लपवून काय मिळणार होतं? खोकी बघितल्यावर त्यांना कळलंच असतं.

त्यांनी विचारलं, "का नाकारले? मालात काही खोट?"

"नाही. पाठवायच्या आधी तपासणी झाली होती. सर्टिफिकेट आहे, आत्ता मेल करते. त्याची दुकानं मागे हटली, एवढंच."

"खोक्यांवर स्टिकर लावायला मजुरी लागेल. हॅम्बुर्गहून ट्रकने आणायला भाडं."

"सात टक्के कमी करू," मी म्हणाले. भाऊजींना न विचारता म्हणाले. समोर बघितलं तर त्यांनी मान हलवली.

"दहा."

"आठ. आणि कागद तुमच्या हातात येईपर्यंत बंदराचं जे काही भाडं होईल ते आमचं."

"पैसे मी आधी पाठवणार नाही. तुम्हाला मी एकदाच भेटलोय."

"आधी नकोच. कागद तुमच्या बँकेत येतील. पैसे भरा, कागद घ्या."

म्हणजे पुन्हा डी.पी.च. बोलताना हे माझ्याच लक्षात आलं. पण आता एल.सी. उघडायला वेळ नव्हता. आणि नवीन माणसालाही माल न बघता पैसे भरायचे होते. तोही आमच्यावर विश्वास टाकतच होता. ते म्हणाले, "उद्या सकाळी सांगतो. मुलाशी बोलतो."

त्या उद्याच्या सकाळबद्दल मला फारसं आठवत नाही. गिरगावातून निघताना नवऱ्याने विचारलं, "आज डबा नाही नेत?" एवढं आठवतं. रोज दुसऱ्यांचे डबे करणाऱ्या बाईने स्वतःचा विसरला होता.

दुपारी दोनच्या सुमारास अँटवर्पचा होकार आला, लेखी. मी आणि भाऊजी तडक परळला गेलो. मॅडमनी काय काय लागेल ते एका कागदावर लिहून दिलं. खरेदीदार बदलतोय म्हणून बँकेला आमचं पत्र. नव्या नावाने इन्व्हॉइस आणि हुंडी, म्हणजे पैशांची लेखी मागणी. हॅम्बुर्गच्या बँकेला सूचना: कागद अँटवर्पच्या अमुक बँकेकडे कुरियरने पाठवा, तुमचा खर्च आम्ही देऊ. अँटवर्पच्या बँकेला सूचना: पैसे भरल्याशिवाय कागद सोडू नका. मी तिथेच त्यांच्या शेजारच्या रिकाम्या टेबलावर इन्व्हॉइस टाइप केलं. एकही अक्षर चुकलं नाही. मॅडमनी ओठ मिटून ते वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं आणि म्हणाल्या, "ठीक."

मेसेज गेला. आम्ही खाली येऊन उसाचा रस घेत होतो, तेवढ्यात हॅम्बुर्गच्या गिऱ्हाईकाचा मेल आला. त्याला त्याच्या बँकेकडून कळलं होतं की कागद दुसरीकडे जाताहेत. आता त्याला फक्त दहा टक्के सूट हवी होती, आणि लगेच पैसे भरायचे होते.

भाऊजींनी माझ्या फोनवर तो मेल वाचला. "परवा पस्तीस, आज दहा," ते म्हणाले. "वहिनी, लिहा त्याला. माल विकला गेला. आभारी आहोत."

"दोन टक्क्यांचाच फरक आहे, भाऊजी. पण तो आज भरतोय, आणि अँटवर्पच्या माणसाने अजून भरलेले नाहीत."

"त्यांना शब्द दिलाय ना?"

मी मेल लिहिला. मोजून तीन ओळी.

कागद अँटवर्पला पोचायला तीन दिवस लागले. फुकटचे दिवस संपले, भाडं सुरू झालं, एजंट रोज आकडा कळवत होता. त्या तीन दिवसांत मी भाऊजींना लाल गोलाबद्दल सांगितलं. मसुद्यात मी थेट गिऱ्हाईकाचं नाव घातलं होतं आणि बँकेतल्या मॅडमनी ते पकडलं नसतं तर आज आपण त्या गिऱ्हाईकाच्या पाया पडत असतो. मला वाटलं, ते चिडतील.  ते म्हणाले, "मी सुपरवायझर असताना एकदा साचा उलटा बसवला होता. दोनशे झाकणं वाया गेली. मालकाला सांगितलं नाही, साच्यावर ढकललं." आणि चहा मागवला.

चौथ्या दिवशी दुपारी बँकेतून फोन आला. मी मुद्दाम भाऊजींच्या समोर स्पीकरवर घेतला.

"अँटवर्पने पैसे भरले," मॅडम म्हणाल्या. "सगळे. दोन दिवसांत इथे जमा होतील. ते आले की तुमचं बिल बंद करते."

"मॅडम, तुमचे आभार," मी म्हणाले.

"सोमवारी या. सह्या राहिल्यात," त्या म्हणाल्या. पण फोन ठेवायच्या आधी त्या हसल्या. इतक्या महिन्यांत मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

भाऊजी खाली फरशीवरच बसले, भिंतीला टेकून. कामगारांनी मशिन थांबवलं, त्यांना वाटलं काहीतरी झालं. "काही नाही रे, चालू करा," ते म्हणाले आणि डोळे पुसले. मी स्टुलावर बसले होते. गेले कित्येक दिवस खांदे कानांपर्यंत चढवून बसले होते हे तेव्हा कळलं, कारण ते खाली आले.

बंदराचं भाडं, सूट, दोन बँकांचे खर्च, सगळं वजा जाऊन त्या कंटेनरमध्ये नफा उरला नाही. नुकसानही झालं नाही. ज्या कंटेनरपायी भाऊजींचं घर जाऊ शकलं असतं, तो बरोबरीत सुटला. आम्हा दोघांना ती लॉटरीच वाटली.

त्यानंतर आम्ही नियम केले, ते भाऊजींनी स्वतःच्या अक्षरात लिहून गाळ्यातल्या कपाटाच्या दाराला लावलेत. नवीन गिऱ्हाईक असेल तर एल.सी., आणि जहाजाची तारीख एल.सी.च्या तारखेच्या बऱ्याच आधीची. जुन्या, पारखलेल्या माणसाला डी.पी., पण थोडे पैसे आगाऊ घेऊन आणि निर्यातीचा विमा उतरवून, म्हणजे गिऱ्हाईकाने पाठ फिरवली तरी विम्याकडून बराचसा भाग मिळतो. गिऱ्हाईकाचं नाव फक्त डब्याला गुंडाळलेल्या, काढता येणाऱ्या कागदी पट्टीवर, खोक्यावर नाही. अँटवर्पची माणसं दर सहा महिन्यांनी अर्धा कंटेनर घेतात, डी.पी.वर, आणि जहाज लागायच्या आधीच पैसे भरतात. ते का, हे मी विचारलं तर गृहस्थ म्हणाले, "दिवाळीच्या आधी डबे संपतात हो, मला थांबायला परवडत नाही."

त्या सोमवारी सह्या करून बँकेतून बाहेर पडले तेव्हा साडेअकरा झाले होते. करायचं काही नव्हतं. भाऊजी गाळ्यावर होते, नवरा त्याच्या मित्रांबरोबर. मी दादरला गेले, फूलबाजारातून हिंडले, शेवंतीची एक जुडी घेतली, लागत नव्हती तरी. मग घरी येऊन पंख्याखाली आडवी झाले आणि भर दुपारी, चपला दारात वाकड्यातिकड्या, फुलं पिशवीतच, चार वाजेपर्यंत गाढ झोपले.